उद्याचं कॅन्सल

मिलिंदला माणूसघाणा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय होईल. तो बोलका आहे, शेजारच्या आजींना रात्री अपरात्री दवाखान्यात नेतो, आणि पंगतीत आग्रह करकरून जिलब्या वाढणारा आमच्या ओळखीत तो एकटाच उरला आहे. त्याला माणसं आवडतात. आवडत नाही ते त्या माणसांपर्यंत जाणं, आणि त्यातही आधी ठरवून जाणं. ठरलेली भेट मोडली की त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मी त्याच्या प्रमोशनच्या दिवशीही पाहिलेलं नाही.

या विषयाचा एक स्वतंत्र संग्रहच त्याच्या फोनमध्ये आहे. गोधडीतून फक्त नाक बाहेर काढलेलं मांजर, खाली ओळ : 'समोरच्याने कॅन्सल केल्यावर मी'. रडण्याचं नाटक करून दार लावताच नाचणारा माणूस. अशोक सराफांचा जुन्या सिनेमातला एक कृतकृत्य चेहरा. अमेरिकेतला विनोदवीर जॉन मुलेनी याने 2012 च्या आपल्या कार्यक्रमात बेत रद्द होण्याच्या तत्काळ सुखाची तुलना थेट अमली पदार्थाशी केली होती. तोही तुकडा मिलिंदकडे आहे. याचा अर्थ दुखणं काही ठाण्यातलंच नव्हे, जगभरातलं आहे.

आता प्रश्न असा, की जायचं नसतं तर हा गृहस्थ मुळात 'हो' का म्हणतो? तर तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तीन आठवड्यांनंतरच्या रविवारचं आमंत्रण आलं की त्याला तो रविवार स्वच्छ, मोकळा, ऊन-पाऊस-वाण्याची यादी यांच्या पलीकडचा दिसतो. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच या दोन संशोधकांनी 2005 साली हेच प्रयोगांनी दाखवलं. आज आपल्याकडे वेळ नाही हे प्रत्येकाला कळतं, पण महिन्याभराने भरपूर असेल असं प्रत्येकाला वाटतं. गंमत म्हणजे पैशाच्या बाबतीत माणूस इतका भोळा नसतो. पुढच्या महिन्यात खिसा आजच्यासारखाच असणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून मिलिंद कुणालाही 'महिन्याभराने दहा हजार देतो' असं कधी म्हणत नाही, पण 'महिन्याभराने नक्की येतो' असं आठवड्यातून दोनदा म्हणतो. 'नक्की'तल्या न वर जोर देऊन.

मागच्या पावसाळ्यात असाच एक बेत ठरला. कॉलेजातले तिघे : एक डोंबिवलीकर, एक पुणेकर आणि आमचा घोडबंदर रोडवरचा मिलिंद. डोंबिवलीकराकडे रविवारी दुपारी जेवायला सहकुटुंब जायचं. ग्रुपवर मतदान झालं, तिघांनी एकाच तारखेवर बोट ठेवलं, हात जोडलेले आणि फुगे उडवणारे चेहरे पडले. बुधवारपर्यंत सगळं सुखात होतं.

बुधवारी रविवार जवळ आला, आणि जवळ येताच त्याला हातपाय फुटले. इस्त्रीचा शर्ट, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मिठाईचा बॉक्स, घोडबंदर रोडवरून स्टेशन गाठणं, रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे गाड्या उशिरा आणि जी येईल तिला तुफान गर्दी. पोचल्यावर 'फार वाळलास रे', तिसरी पोळी, चौथी पोळी, मुलीला 'काकांना पेटी वाजवून दाखव'. यातलं एकही संकट मोठं नाही. पण बुधवारी ती सगळी एकाच वेळी दिसतात, आणि तिकडचा आनंद मात्र दिसत नाही.

इथून पुढे मिलिंदचं खरं कौशल्य सुरू होतं. बेत मोडायचा तर आहे, पण आपण मोडायचा नाही. जो मोडतो त्याच्या नावावर तो कायमचा जमा होतो. 'मागच्या वेळी तूच टांग दिलीस' हे वाक्य आपल्याकडे दहा-दहा वर्षं टिकतं. तेव्हा समोरच्याला मोडायची बुद्धी व्हावी एवढीच तजवीज करायची. गुरुवारी त्याने ग्रुपवर हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट टाकला. वर काहीही लिहिलं नाही, नुसताच टाकला. शुक्रवारी मेगाब्लॉकच्या बातमीचं कात्रण आणि 'काळजी घ्या रे सगळे'. शनिवारी दुपारी शेवटचं अस्त्र : 'वहिनींना त्रास नको हं उगाच, साधंच काहीतरी करा.' हे वाक्य वरकरणी सौजन्याचं आहे. प्रत्यक्षात ती यजमानाला दाखवलेली मागच्या दाराची वाट आहे.

मी त्याला विचारलं, "अरे, सरळ सांग ना की दमलोय, येत नाही."

"वेडा आहेस का? वाईट वाटेल त्याला."

"वाटेल तेवढं नाही वाटत."

त्याला पटलं नाही. खरं तर यावरही अभ्यास झाला आहे. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांनी 2023 मध्ये दाखवून दिलं, की आमंत्रण नाकारल्यावर समोरचा किती दुखावेल याचा अंदाज नाकारणारा हमखास फुगवून करतो. नाकारणाऱ्याला आपला नकार तेवढा दिसतो. बोलावणाऱ्याच्या मात्र हेही लक्षात येतं, की याने 'नाही' म्हणण्याआधी जमतंय का याचा विचार केला असणार. पण मिलिंदसाठी हा शोध पंधरा-वीस वर्षं उशिरा आला. आपल्याकडे तर 'नाही' म्हणायची पद्धतच नाही. 'बघतो', 'जमवतो', 'कळवतो' या पायऱ्या उतरत उतरत माणूस न जाण्यापर्यंत पोचतो, आणि प्रत्येक पायरीला थोडं थोडं अपराधी वाटत राहतं.

शनिवारी रात्री पावणेदहाला मेसेज आला. डोंबिवलीकराच्या मुलाला कणकण होती. 'सॉरी रे, उद्याचं कॅन्सल करू या का?'

मी तेव्हा मिलिंदच्याच घरी विरजण मागायला गेलो होतो. मिलिंदने मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि डोळे मिटून श्वास सोडला. पण लगेच उत्तर दिलं नाही. लगेच दिलं तर टपून बसल्यासारखं दिसतं. पाच-सात मिनिटं जाऊ दिली, मग लिहिलं, 'अरेरे!' ते खोडून 'अरे बापरे' केलं, कारण आजारपणाला अरेरे थोडं जास्त होतं. पुढे 'मुलगा महत्त्वाचा. आम्ही तर तयारीतच होतो', आणि शेवटी ठेवणीतलं, 'पुन्हा कधीतरी नक्की!' बायको आतून ओरडली, "शर्ट परत कपाटात ठेवू?" त्या प्रश्नातला आनंद लपत नव्हता. एरवी ज्या जोडप्याचं टीव्हीच्या रिमोटवर एकमत होत नाही, ते त्या रात्री एका सुरात पिठलं-भातावर आलं.

इथे एक बारकावा आहे. रविवार काही मोठा झाला नव्हता. बेत ठरलाच नसता तरी तेवढाच असता. पण न ठरलेला रविवार त्याने कपडे वाळत घालण्यात घालवला असता, आणि त्याचं कौतुक कुणाला वाटलं नसतं. हा रविवार हातातून गेलेला होता आणि परत मिळाला. शिवाय देणं माफ झालं ते आपण न मागता, त्यामुळे उपकारही नाहीत आणि दोषही नाही. नुसतं घरी राहण्यात एवढी चव नाही, म्हणून या माणसांना बेत ठरवावेच लागतात.

मार्च 2020 मध्ये याचा पुरावा मिळाला. सगळ्या देशाचंच सगळं रद्द झालं. लग्नं, मुंजी, सत्यनारायण, काहीच उरलं नाही. पहिले काही दिवस मिलिंद पाडव्याच्या गुढीसारखा उभा होता. पुढे रद्द व्हायला काही ठरलेलंच नव्हतं, तेव्हा तो खाली जाऊन मास्क लावून वॉचमनशी सांगलीच्या हळदीच्या भावावर बोलायला लागला. वॉचमन बिहारचा.

तर त्या शनिवारी रात्री त्याने मांजराचं चित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावलं. अर्थात डोंबिवलीकर आणि पुणेकर या दोघांना वगळून. तशी सोय त्यात आहे आणि मिलिंदला ती तोंडपाठ आहे. वगळायची राहिली ती डोंबिवलीकराची बायको. साडेदहाला वहिनींचं उत्तर आलं : हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे, आणि 'भावजी, आमच्याकडेही सेम!!' पाठोपाठ पुणेकराने ग्रुपवर कळवलं, की त्यांनी अजून गाडीची तिकिटंच काढली नव्हती.

या चित्रांना एवढी बरकत का, ते मला त्या रात्री समजलं. 'मला तुझ्याकडे यायचं नाही' हे जगातल्या कुठल्याच भाषेत गोड लागत नाही. मांजर ते बोलतं तेव्हा त्यातला 'तुझ्याकडे' गळून जातो. उरतं ते 'यायचं नाही', आणि त्यावर कुणालाही हसता येतं, ज्याच्याकडे जायचं होतं त्यालाही. अनिल डॅश या अमेरिकन लेखकाने 2012 साली या न जाण्याच्या आनंदाला 'जोमो' असं चटपटीत नाव दिलं. मिलिंदला वाटतं तो आनंद आहे. मला तो सुटका वाटतो, आणि सुटकेला आधी कुठेतरी अडकावं लागतं.

कारण हाच मिलिंद एकदाचा गेला, की परत निघत नाही. दिवाळीनंतर तो बेत अखेर पार पडला. कुणालाच ताप आला नाही, मध्य रेल्वेनेही साथ दिली नाही. जाताना गाडीत तोंड एवढंसं. जेवण झालं, पान झालं, पेटीवर दोन गाणी झाली. पाच वाजता "चला, निघतो" म्हणत तो सोफ्यावरून उठला. चपला घालताना प्रॅक्टिकलच्या परीक्षेत फुटलेल्या चंबूचा विषय निघाला, तो दारात अर्धा तास चालला. लिफ्ट दोनदा वर येऊन परत गेली. गेटपाशी पुणेकराच्या सासऱ्यांच्या फ्लॅटचा वाद सुरू झाला. घरी पोचायला साडेनऊ. रात्री ग्रुपवर त्याचाच पहिला मेसेज : 'पुढच्या महिन्यात आमच्याकडे. नक्की!'

तो बेत अजून उभा आहे. तुमचाही कुणाकडे असाच ठरला असेल आणि मनातून जायचं नसेल, तर एक विनंती. हवामान खातं, रेल्वे आणि पोरांचा ताप यांच्यावर विसंबू नका, आदल्या दिवशी दुपारीच फोन करून सांगा. संध्याकाळी श्रीखंडासाठी दही टांगलं जातं आणि रात्री वाल भिजत पडतात. त्यानंतर आलेल्या 'सॉरी'चं त्या घरातल्या बाईला काहीही करता येत नाही.