निम्मा निम्मा प्लेस्टेशन

2021 साली प्लेस्टेशन 5 भारतात आला तो 49,990 रुपयांना. पुण्यातल्या दोन रूममेटनी प्रत्येकी 24,995 काढले. हिशेब पाच रुपयांपर्यंत चोख! पुढे एकाने खोली सोडली आणि महाभारत सुरू झालं.

"बिल माझ्या नावावर आहे."

"आणि तीन वर्षं टीव्ही कुणाचा वापरलास?"

डबा कुणाकडेही गेला तरी पेच उरतोच, कारण डाउनलोड केलेले सगळे गेम बिलवाल्याच्या खात्यावर. त्याने शेअरिंगची मुभा दिली तरच दुसऱ्याला ते स्वतःच्या खात्यातून खेळता येणार, आणि ती मुभा एका वेळी एकाच पीएस5ला. डिस्क घेतल्या असत्या तर निदान भांड्यांसारख्या वाटून घेता आल्या असत्या.

मी तोडगा सुचवला. जुन्या डब्याची किंमत दोघांनी चिठ्ठीवर लिहावी. जास्त लिहील त्याने डबा ठेवावा आणि लिहिलेल्या रकमेची निम्मी दुसऱ्याला द्यावी. तोवर बिलवाला "पंधरा हजारांचं भंगार" म्हणत होता, टीव्हीवाला "चाळीसचा ऐवज". चिठ्ठीत दोघांनीही पंचवीसच लिहिले.

आता टॉस करायचाय. नाणं कुणाचं, यावर चर्चा चालू आहे.