आत्या दिलेली राजधानी

निवृत्तीनंतर साताऱ्यातला माणूस एकतर अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो, नाहीतर कादंबरी लिहितो. माझे गुडघे दुखतात, म्हणून कादंबरी. तीही अद्भुतरम्य: तीन राज्यं, तीन संस्कृती आणि एक शापित तलवार.

कथेआधी नावं केली. झेरॅक्सोर, थॅल्मिडॉन, क्रोविक्स अशी तीस. यादी फ्रिजवर लावली. हिनं ती वाचून विचारलं, "अहो, यातली जेवणाआधीची कुठली आणि नंतरची कुठली?"

नावं औषधांसारखी वाटली याचं दुःख नव्हतं. दुःख हे, की तिन्ही राज्यांची औषधं एकाच कंपनीची वाटत होती. टोल्किननं एल्फांच्या एका भाषेला फिनिशचा नाद दिला, दुसरीला वेल्शचा, आणि रोहानच्या घोडेस्वारांना जुनी इंग्रजी नावं दिली. वाचकाला यातली एकही भाषा येत नसली तरी कान सांगतो, ही दोन नावं एका घरची, तिसरं परक्याचं. माझं फिनिश 'नोकिया'पाशी संपतं. पण एसटी स्टँड घरापासून दहा मिनिटांवर आहे.

तिथं वही घेऊन पाट्या उतरवल्या. कंट्रोलरनं दोनदा विचारलं, "तक्रार आहे का?" डोंगराकडच्या गाड्यांवर बामणोली, केळघर, ठोसेघर. मग सांगलीमार्गे जतला गेलो, तर तिकडे उमदी, बिळूर, गुड्डापूर. तिथं कन्नड सुरू होते. बिळूरमधलं 'ऊर' म्हणजे गावच. आपण 'ऊर' म्हणून तोंड मिटतो, कन्नड माणूस 'ऊरु' म्हणून उघडं ठेवतो. माणसंही बसाप्पा, गंगव्वा: मध्ये जोडाक्षर, शेवटी स्वर.

परतीच्या गाडीत नियम केले. प्रत्येक राज्याला दोन-तीन शेपट्या द्यायच्या, आणि त्याहून महत्त्वाचं, काही अक्षरांना बंदी घालायची. कारण नाव वेगळं वाटतं ते त्यात काय आहे यापेक्षा काय कधीच येत नाही यामुळे. डोंगरी राज्यात 'ळ' किंवा 'ण' हवाच, द्वित्त बंद, शेवट 'घर' किंवा 'वण': काळवण, शेणघर. (शेणघर हिनं खोडलं.) पठारी राज्यात द्वित्त हवं, शेवटी स्वर हवा, आणि ख, घ, भ असले महाप्राण बंद: हुब्बणी, केट्टूरा, मल्लडी.

तिसरं राज्य जेत्यांचं. त्यासाठी मी तिसरी वर्णमाला मांडून बसलो होतो, तेवढ्यात खिडकीतून किल्ला दिसला. १७०० साली औरंगजेबानं साताऱ्याचा किल्ला घेतला आणि मुलाच्या नावानं त्याला आझमतारा केलं. शेजारचा परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, नवरसतारा झाला. पुढं मराठ्यांनी किल्ला परत घेतला. आज आझम नाही, तारा आहे. जेता कोरं नाव ठेवत नाही, जुन्यालाच आपला तुकडा जोडतो. खुर्द आणि बुद्रुकही तसेच फारसीतून आलेले, लहान आणि थोरला या अर्थाचे, आणि आपल्या गावांना असे चिकटलेत की परके वाटतच नाहीत. म्हणून माझ्या जेत्यांना वेगळी गावं दिलीच नाहीत. त्यांनी काळवण जिंकलं की त्याचं फक्त शाहवण होतं.

मग परीक्षा. तीस चिठ्ठ्या पिसून हिच्यासमोर टाकल्या आणि म्हटलं, काही न विचारता तीन ढीग कर. निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून तिनं सव्वीस बरोबर लावल्या. उरलेल्या चारपैकी दोन चुका माझ्या: दोन्ही राजांची नावं 'म'वर आणि तीन अक्षरी, त्यामुळे कानाला एकच. बाकी दोन देवांची नावं होती. ती तशीच ठेवली. देव सीमा पाळत नाहीत. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला महाराष्ट्रातून जितके भक्त जातात तितकेच कर्नाटकातून येतात असं तिथं बघून वाटतं.

इतकं जमल्यावर अंगात आलं. पठारी राजधानीसाठी 'उमराव' आणि 'राणी' यांची सांगड घालून मी उमराणी हे नाव घडवलं. द्वित्त नव्हतं, पण राजधानीला सवलत दिली. तिथलं युद्धही लिहिलं: शत्रूला घेरायचं, पाणी तोडायचं, तो शरण आला की उदार मनानं सोडून द्यायचं. प्रकरण जतच्या व्याह्यांना वाचून दाखवलं.

ते शांतपणे म्हणाले, "उमराणीत आमची आत्या दिलीय."

गाव जत तालुक्यातच आहे. आणि १६७३ साली प्रतापराव गुजरांनी तिथंच बहलोलखानाला घेरलं, त्याचं पाणी तोडलं आणि तो शरण आल्यावर सोडून दिलं. म्हणजे नावही झालेलं आणि युद्धही. व्याही पुढं म्हणाले, "पण सोडल्याबद्दल महाराज रागावले होते. ते घेतलं नाहीत?"

कादंबरीची सध्या अकरा पानं झाली आहेत आणि राजधानीच्या जागी टिंबटिंब आहे. काही सुचलं तर जरूर कळवा, फक्त आधी जत तालुक्याचा नकाशा बघून घ्या.