पिशवी वाचण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सोयाबीनची पिशवी निवडण्याची आपली परंपरागत पद्धत सर्वज्ञात आहे. आधी पिशवीवरचा फोटो पाहावा. त्यात झाड शेंगांनी वाकलेले असले पाहिजे. मग पिशवीला दोन थापा माराव्यात आणि दुकानदाराला विचारावे, "उगवंल ना?" तो म्हणतो, "बिनधास्त टाका, भाऊ." झाली तपासणी.

ज्यांना याहून जास्त खोलात शिरायचे असेल त्यांच्यासाठी पिशवीच्या तोंडाला शिवलेला एक टॅग असतो. तो निळा असेल तर बियाणे प्रमाणित, हिरवा असेल तर सत्यतादर्शक, म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेले. हा टॅग आपण पिशवी फोडताना सुतळीसकट उपटून बांधावर फेकतो. नवशिक्यांनी तसे करू नये. पिशवी खालून फोडावी, टॅग जागेवर राहू द्यावा, पावती खिशात ठेवावी आणि मूठभर बियाणे बाजूला काढावे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर फोटोतल्या शेंगांची साक्ष चालत नाही.

टॅगवर "उगवणशक्ती किमान 70 टक्के" असे लिहिलेले असते. सगळी गंमत "किमान" या शब्दात आहे. तो निकाल नाही, पास होण्याची मर्यादा आहे. मुलगा 71 वर पास झाला की 95 वर, हे टॅग सांगत नाही. शिवाय ती तपासणी त्याखाली छापलेल्या तारखेची. सोयाबीनचे साल कागदासारखे पातळ. त्यानंतर हमालाने पिशवी ट्रकवरून कशी आपटली आणि गोदामात किती उकाडा होता, याची नोंद टॅगवर नसते. म्हणून तपासणीची तारीख आणि वैधतेची मुदत आधी वाचावी.

शेजारची ओळ असते शुद्धतेची, 98 टक्के. अनेकांना वाटते, म्हणजे वाण 98 टक्के खरे. तसे नव्हे. ही भौतिक शुद्धता आहे. काडी, माती, फुटलेले तुकडे वगळून बियाणे किती, एवढाच तिचा अर्थ. अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर तोही शुद्ध बियाण्यातच मोजतात. आता 30 किलोच्या पिशवीचा हिशेब करू. 98 टक्के म्हणजे 29 किलो 400 ग्रॅम बियाणे आणि त्यातले 70 टक्के उगवणार, म्हणजे साडेवीस किलोच्या आसपास. उरलेल्या साडेनऊ किलोचे पैसेही आपण रोख मोजलेले असतात.

यावर उपाय गोणपाटाचा. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या रांगेत ठेवून गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उलगडून मोजावे. यंदा आमच्याकडे मोजणीला आई बसली. मी मोडक्या मुळ्या आणि नुसते फुगलेले दाणेही गुण देऊन पास करत होतो. तिने ते सगळे बाजूला सारले. "63," ती म्हणाली. एकरी 30 किलो हे प्रमाण 70 टक्के उगवणीला धरलेले. 30 ला 70 ने गुणून 63 ने भागले की येतात सव्वातेहतीस किलोच्या आसपास. सव्वातीन किलो जादा लागले आणि दुसरी पिशवी फोडावी लागली.

खताची पिशवी त्याहून सोपी वाटते आणि म्हणूनच फसवते. 10:26:26 पाहिले की आमचे एक नातेवाईक तिन्ही अंकांची बेरीज करतात आणि जास्त गुणांच्या खताला पसंती देतात. त्यांच्या मते 19:19:19 हा मेहनती पण सामान्य विद्यार्थी. प्रत्यक्षात हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी, याच क्रमाने.

सोयाबीनला हेक्टरी 30:60:30 किलोची शिफारस धरली, तर एकराला 12, 24 आणि 12 किलो. डीएपी म्हणजे 18:46:0. त्याच्या 50 किलोच्या एका गोणीतून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद मिळते. स्फुरद जवळपास भागला. 12 किलो पालाशसाठी 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि राहिलेल्या 3 किलो नत्रासाठी साडेसहा किलो युरिया. त्याऐवजी 10:26:26 च्या दोन गोण्या टाकल्या तर स्फुरद 26 किलो मिळेल, पण पालाशही 26 येईल, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. एवढा पालाश सोयाबीनने मागितलाच नव्हता. माती परीक्षणाचा अहवाल हाताशी असेल तर यातला पालाशाचा आकडा आणखी खाली येऊ शकतो.

हे सगळे मी आमच्या नातेवाईकांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले, गोणी उलटी करून पाहिली आणि विचारले, "पण याच्यावर फोटो का नाही?"