ऐंशी पोरांचं भाषण

गुलमंडीवर कोणी बोलताना जरा लांबड लावली, की आमच्या गल्लीतला एखादा पालक हळूच म्हणतो, "वीस पोरं झाली." सांगणारा आणखी रेंगाळला तर आकडा चाळीसवर जातो. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. हे मोजमाप मोठ्या सरांचं आहे. मोठे सर म्हणजे आमच्या मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. हे छापून आलं की ते लाल पेनानं तपासून, समासात 'पाल्हाळ' असा शेरा मारून परत पाठवतील.

शाळा सुपारी हनुमानापासून हाकेच्या अंतरावर, कापडाच्या दुकानांच्या पाठीमागे. मैदान नाही. मधल्या सुट्टीत मुलं पळायला लागली तर पाचव्या पावलाला भिंत येते. त्यामुळे क्रीडादिनाला सगळी शाळा औरंगपुऱ्यातून खडकेश्वरच्या मैदानावर चालत जाते. जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास. पुढे मोठे सर, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. मागे दोन-दोनच्या रांगेत चारशे ऐंशी मुलं. मध्येच एखादी हातगाडी रांगेत शिरते आणि हातगाडीवाला खडकेश्वरपर्यंत विद्यार्थी होऊन चालतो. सर हात वर करून रिक्षा थांबवतात. रिक्षावाले थांबतातही, कारण त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेत.

पूर्वी सरांचं भाषण वीस मिनिटांचं असे. त्यात सर्वांगीण विकास असे, निरोगी शरीरात निरोगी मन असे, आणि मध्यावर ऑलिंपिकचे संस्थापक पिअर द कुबर्तँ येत. त्यांचं नाव आलं की चौथी ब खो-खो हसे. जिंकणं नव्हे, भाग घेणं महत्त्वाचं, हे कुबर्तँचं म्हणणं सर डोळे मिटून सांगत. डोळे मिटलेले असल्यामुळे समोर काय चाललंय ते त्यांना दिसत नसे.

एका वर्षी ते उघडले तेव्हा दुसरीतली एक मुलगी आडवी झाली होती. तिला सावलीत नेलं, पाय जरा उंचावर ठेवले, दोन मिनिटांत ती उठून बसली आणि "झालं का भाषण?" असं विचारती झाली. डॉक्टर पालकांनी सरांना समजावलं. सावधानमध्ये गुडघे ताठ करून उभं राहिलं की पिंडऱ्या हलत नाहीत, रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं. त्यात बरीच मुलं त्या दिवशी उत्साहात न खाताच आलेली. मूल पडायच्या आधी सांगतं, फक्त तोंडानं नाही. चेहरा पांढरा पडतो, जांभया येतात, अंग डोलायला लागतं. सर गप्प झाले. जांभया त्यांनी आजवर कंटाळ्याच्या खात्यात टाकल्या होत्या.

दुसरा धक्का पीटीच्या सरांनी दिला. ते कमी बोलतात आणि वहीत जास्त लिहितात. त्यांनी हिशेब पुढे ठेवला. पन्नास मीटरच्या शर्यतीला फक्कीनं आखलेल्या आठ रेघा. पळायला बारा-पंधरा सेकंद लागतात, पण आठ मुलं रेघेवर आणून उभी करायची, चुकून पळालेली परत आणायची, नंबर लिहायचे, म्हणजे एका फेरीला दोन मिनिटं धरा. दोन मिनिटांत आठ मुलं, मिनिटाला चार. सगळी शाळा पळवायची तर साठ फेऱ्या, दोन तास. ऊन चढायच्या आत हातात असतात तेवढेच. म्हणून तर दरवर्षी आठवडाभर आधी वर्गात निवड करून मोजकी मुलं मैदानात उतरवत आणि बाकीची बसून टाळ्या वाजवत.

"म्हणजे माझी वीस मिनिटं?" सरांनी विचारलं.

"ऐंशी पोरं, सर."

यावर मोठे सर चिडतील असं आम्हाला वाटलं होतं. ते चिडले नाहीत, गणिताचे शिक्षक असल्यामुळे भारावले. भाग घ्या, भाग घ्या असं वीस मिनिटं सांगायचं आणि त्याच वीस मिनिटांपायी ऐंशी मुलांना भाग घेऊ द्यायचा नाही, ही गंमत त्यांना एकदम दिसली. माझ्या मते क्रीडादिनाच्या भाषणांत जे काही बिघडतं ते सगळं इथेच आहे. ज्याला पळायला मिळणारच नाही, त्याला जिंकणं महत्त्वाचं नाही हे सांगून काय उपयोग? तो बिचारा तसाही जिंकणार नसतो. सरांनी निवड बंद केली, प्रत्येकाचं नाव फेरीत घातलं आणि भाषणाला दीड मिनिट दिलं. सहा पोरं. त्याहून जास्त खर्च मंजूर नाही.

दीड मिनिटात बसवायचं म्हणजे काढायचं. सर्वांगीण विकास पहिल्याच दिवशी गेला. मैदानाच्या दोन टोकांना दोन भोंगे असतात, एकाचा आवाज आधी पोचतो, दुसऱ्याचा मागून, आणि मोठा शब्द मध्ये सापडला की त्याचा चिवडा होतो. छोटं वाक्य आणि मग थांबणं, एवढंच मैदानात ऐकू येतं. कागदही गेला. सरांनी मुलांची तोंडं फिरवली, ऊन मुलांच्या पाठीवर आणि सरांच्या डोळ्यांत. मुलांचे डोळे मिचमिचायचे थांबले, पण सरांना कागद दिसेना. मग पाठ करणं आलं, आणि पाठ करायचं तर माणूस आपोआप कमी लिहितो.

कुबर्तँना काढताना मात्र सर हळहळले. त्यांनी वाचून काढलं होतं की हे वाक्य १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधलं. एका बिशपनं सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या प्रवचनात तसं काही सांगितलं, आणि कुबर्तँनी ते काही दिवसांनी मेजवानीच्या भाषणात पुढे नेलं. "बघा," सर म्हणाले, "मेजवानीत! ऐकणारे खुर्चीत, सावलीत आणि जेवलेले. म्हणून तर टिकलं." त्या ऑलिंपिकमध्ये इंग्रज आणि अमेरिकन एकमेकांवर सतत कुरकुरत होते. रस्सीखेचीत लिव्हरपूलच्या पोलिसांनी अमेरिकनांना ओढून नेलं, तर यांचे बूटच फार जड, अशी अमेरिकनांची तक्रार. ही गोष्ट कळल्यापासून पीटीचे सर पालकांच्या रस्सीखेचीआधी सगळ्यांचे बूट बघतात.

कुबर्तँच्या जागी सरांनी खाशाबा जाधवांना आणलं. खाशाबांचा जन्मदिवस १५ जानेवारी, तो आपण आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो, तेव्हा तारीखही जुळत होती. १९४८ साली लंडनला खाशाबा सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. सरांना खर्डेकर फार आवडले. मुख्याध्यापकांच्या घरी मात्र ते तितकेसे आवडले नाहीत असं ऐकलं. बाईंनी म्हणे घराचे कागद कपाटातून माहेरी हलवले.

पण तालमीच्या वेळी मराठीच्या बाईंनी आडवं लावलं. "सर, हरला आणि पुढे जिंकला, ही शेवटी जिंकल्याचीच गोष्ट झाली ना? दुसऱ्यांदाही सहावे आले असते तर तुम्ही त्यांचं नाव घेतलं असतं का?" सरांनी तो दिवस फळ्याकडे बघत काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेलसिंकी खोडली. खर्डेकरांनाही जावं लागलं. गोष्ट सहाव्या नंबरापाशीच तोडली.

आता खरी अडचण उरली ती पाहुण्यांची. बक्षिसं देणारे गुलमंडीवरचे एक व्यापारी, माणूस दिलदार, पण हातात माइक आला की १९७० सालापासून सुरुवात करतो. मागच्या खेपेला ते एकशे वीस पोरं बोलले होते. सरांनी त्यांना माइक दिलाच नाही, शिट्टी दिली. "शेठजी, पहिली शर्यत तुमच्या शिट्टीनं." शेठजी इतके खूश झाले की त्यांनी पहिली चुकीची वाजवली, मग बरोबर, आणि मग साठाच्या साठ फेऱ्या स्वतःच वाजवल्या. शेवटी त्यांचा आवाज बसला, पण भाषणानं नाही.

यंदाचं भाषण मी समोर उभं राहून ऐकलं. ते पूर्ण देतो, कारण देण्याजोगं एवढंच आहे.

"मुलांनो, आधी खाली बसा. टोपी असेल तर घाला. आज प्रत्येकाचं नाव पुकारणार आहोत. नाव आलं की पळायचं. जोरात पळा, हळू पळा, पण पांढऱ्या रेघेपर्यंत जायचं. मध्येच परत फिरायचं नाही. पडलात तर उठा. शेजारचा पडला तर त्याला उठवा. तुमचा नंबर जाईल, जाऊ द्या. खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा सहावे आले. सहावे! पुढे काय झालं ते घरी जाऊन विचारा. शेवटचा येईल त्याच्यासाठी टाळ्या थांबवायच्या नाहीत. पाणी डावीकडे, ताईंजवळ. पहिली फेरी, तिसरी अ. उठा!"

"नेलं ना उरकून!" माझ्या शेजारचे एक आजोबा जरा निराश होऊन म्हणाले. ते घरून घडीची खुर्ची घेऊन आले होते.

तोवर तिसरी अ पळाली होती. एक मुलगा मध्येच थांबून चप्पल हातात घेऊन पुन्हा पळाला. सगळ्यांत शेवटी आला आणि दमानं विचारू लागला, "सर, पुन्हा पळू का? आता नीट पळतो."

इतकं सगळं सांगून एक गोष्ट लपवणं बरं नाही. मोठ्या सरांना स्वतःला हरणं अजिबात जमत नाही. स्टाफरूममधल्या कॅरममध्ये ते राणी गेली की बोर्डाला पाणी लागलंय असं म्हणतात. शिक्षकांची लिंबू-चमचा शर्यत दरवर्षी शेवटी असते आणि ती दरवर्षी तेच जिंकतात. कसे, ते आजवर कोणी विचारलं नव्हतं.

यंदाही सर पुढे होते. टोपी तिरकी, दातांत चमचा, डोळे लिंबावर. रेघ दहा पावलांवर असताना लिंबू डगमगलं आणि सरांचा उजवा हात टोपी सावरायला म्हणून वर गेला. पहिलीच्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

"सर अंगठा लावायलेत!"

मैदान एकदम शांत झालं. शेठजींनी बसक्या आवाजात नाही, शिट्टीनंच निकाल दिला. सर बाद. मराठीच्या बाई पहिल्या.

सरांनी चमचा काढला, लिंबू खिशात टाकलं, त्या मुलीकडे बघून मान डोलावली आणि माइककडे गेले. आम्हाला वाटलं, आता मोकळेपणानं हार मान्य करणारी दोन वाक्यं येतील.

"भाग घेणं महत्त्वाचं," सर म्हणाले. "आणि माझा अजून नीट झालेला नाही. शर्यत पुन्हा लावा."

पीटीच्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'आठ पोरं, मुख्याध्यापकांच्या नावे.'