टिंबाचा खेळ

सोसायटीच्या क्रीडामहोत्सवात खेळायला तरुण लागतात, फोटो काढायला लहान मुलं लागतात आणि त्या फोटोतले आकडे एक्सेलमध्ये उतरवायला निवृत्त माणूस लागतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तो मान माझ्याकडे आहे. सेक्रेटरी रात्री अकराला फळ्याचा फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "काका, पाच मिनिटांचं काम आहे."

परवाच्या फोटोत निम्म्या भागात कुणाचं तरी डोकं होतं. उरलेल्यात वर भाड्याने आणलेला एलईडी बोर्ड होता आणि त्याखाली स्केचपेनने लिहिलेला पांढरा फळा. बोर्डावर बी विंग ११७/६, षटके १४.३, आणि अवांतर शून्य. हे शून्य पाहून मी चष्मा पुसला. आमच्या गोलंदाजांचा हात वाइड टाकल्याशिवाय गरमच होत नाही. एलईडीचे दिवे डोळ्यांना सतत पेटलेले दिसले तरी ते फार वेगाने आळीपाळीने लुकलुकत असतात. मोबाइलने नेमका चुकीचा क्षण पकडला की आठाची मधली दांडी गायब होते आणि आठाचं शून्य होतं. म्हणून अशा बोर्डाचे लागोपाठ दोन-तीन फोटो काढावेत. ते नसतील तर बेरीज करावी. खालच्या फळ्यावर फलंदाजांच्या धावा १०९ भरल्या. ११७ मधून त्या गेल्यावर उरले आठ. अवांतर आठच होत्या, गोलंदाजांची अब्रू वाचली नाही.

मात्र आकडा विचित्र दिसला म्हणून तो चुकीचाच, असंही नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत गहुंजेला ऑस्ट्रेलियाच्या ओकीफने पहिल्या डावात ३५ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या डावातही ३५ धावांत ६. भारताचे डाव १०५ आणि १०७. एखाद्या टापटिपीच्या कारकुनाने तो तक्ता उतरवला असता, तर दुसरी ओळ चुकून कॉपी झाली म्हणून नक्की खोडली असती.

पण खरं भांडण लागलं ते टिंबावरून. चार गोलंदाजांनी टाकलेली षटकं अशी: ४, ३.४, ३.२ आणि ३.३. एकाच्या पोटरीत गोळा आल्याने त्याचं षटक दोन चेंडू आधी थांबलं होतं, ते दुसऱ्याने पुरं केलं. सेक्रेटरींनी आधी स्वतःच बेरीज मारली होती. एक्सेल म्हणालं १३.९. म्हणजे तेरा षटकं आणि नऊ चेंडू! क्रिकेटमधल्या टिंबानंतर चेंडू असतात आणि ते पाचाच्या पुढे जात नाहीत, सहावा पडला की षटक भरतं. एक्सेलला हे कुणी सांगितलेलं नसतं. ते सगळ्यांना दशांश समजतं. मी षटकांचा एक रकाना केला, चेंडूंचा वेगळा. चेंडू झाले २४, २२, २० आणि २१, एकूण ८७. सहाने भागले की चौदा षटकं, तीन चेंडू. बोर्डाशी बरोबर जुळलं.

खो-खोच्या ओळीत तर टिंबाने वेषच बदलला. तिथे २.१० म्हणजे दोन मिनिटं दहा सेकंद. एक्सेलने शेवटचं शून्य बिनकामाचं म्हणून उडवलं आणि २.१ ठेवलं. वाचणारा म्हणणार, दोन मिनिटं एक सेकंद. बिचारी मुलगी नऊ सेकंद जास्त पळाली ती कुणासाठी? तिथेही मिनिटं आणि सेकंद वेगळे रकाने. आणि गोलंदाजाचे 3/12 टाइप केले की एक्सेल त्याची तीन डिसेंबर करून टाकतं. म्हणून तो रकाना आधीच 'Text' करून ठेवावा, मग तीन बळींचा वाढदिवस साजरा होत नाही.

आता निकाल. बी आणि सी विंगचे गुण सारखे, तिसरा क्रमांक धावगतीवर ठरणार. सी विंगची गती ८.१२. सेक्रेटरींच्या १३.९ ने बी विंगची आली ८.४२. बोर्डावरच्या १४.३ ने सरळ भागलं तरी ८.१८. पण चौदा षटकं तीन चेंडू म्हणजे साडेचौदा षटकं, आणि ११७ भागिले साडेचौदा म्हणजे ८.०७. चषक सी विंगला!

सेक्रेटरी बी विंगमध्ये राहतात. त्यांनी माझा तक्ता दोनदा वाचला, चेंडू बोटांवर मोजले आणि शांतपणे म्हणाले, "गणित तुमचं बरोबर आहे, काका. पण षटकात चेंडू किती, हा विषय अजून जनरल बॉडीपुढे आलेला नाही."