संपत्ती दाखवा, पण जपून

देशात संपत्ती कर पुन्हा लावावा की नाही, यावर विद्वानांत जुंपली आहे. त्यांनी एकदा लोट्याला यावं. इथे एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, मुंबई-गोवा महामार्गाला लागून जमिनी आहेत आणि वाड्यांवर गणपती-शिमग्यापुरती उघडणारी घरं आहेत. संपत्ती दिसते सगळीकडे. मालक विचारलात तर मात्र प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

हा कर आपल्याकडे नव्हता असं नाही. केंब्रिजचे निकोलस काल्डोर यांनी १९५६ साली सरकारला सल्ला दिला आणि १९५७ पासून कर सुरू झाला. काल्डोरांची कल्पना होती की संपत्ती, खर्च, बक्षीस आणि भांडवली नफा या सगळ्यांवर कर बसवले, की एकातून निसटलेला माणूस दुसऱ्यात आपोआप सापडेल. विलायती गृहस्थ, त्यांना आपला माणूस माहीत नव्हता. खर्चावरचा कर दोनदा आला आणि दोनदा गेला, वारसा कर १९८५ ला गेला, बक्षीस कर १९९८ ला गेला. संपत्ती कर मात्र २०१५ पर्यंत तग धरून बसला.

तग कसा धरला ते सांगतो. १९९२ साली चेलय्या समितीच्या शिफारशीवरून ठरलं, की उत्पादक संपत्तीला हात लावायचा नाही, कर फक्त पडून राहिलेल्या संपत्तीवर. तत्त्व ऐकायला छान. लोट्यात उतरवल्यावर त्याचा अर्थ असा झाला: कारखाना उत्पादक, म्हणून माफ. कंपनीचे शेअर माफ. बँकेतली ठेव माफ. घरातल्या बाईच्या अंगावरचं सोनं आणि दारातली गाडी मात्र अनुत्पादक, तेव्हा त्यांचा हिशेब द्या. कोट्यवधींचा मालक शून्य भरून मोकळा आणि पाटल्या-बांगड्यांना नोटीस!

आमच्याकडे एक काका आहेत, अख्खी वाडी त्यांना काकाच म्हणते. समजा त्यांच्या नावावर २२ लाखांचं सोनं आहे, ७ लाखांची गाडी आहे, आणि चिपळूणला ३० लाखांना घेतलेला फ्लॅट आहे, ज्यावर ९ लाखांचं कर्ज बाकी आहे. शिवाय आजोबांच्या काळचं घर आहेच. कायद्याने एक घर माफ. काका भावनेच्या भरात म्हणाले, वडिलोपार्जित घर माफ करून घेऊ. मग उरली मालमत्ता ५९ लाखांची, त्यातून कर्ज वजा, म्हणजे निव्वळ संपत्ती ५० लाख. ३० लाखांपर्यंत सूट आणि वरच्यावर एक टक्का, म्हणजे कर २० हजार रुपये.

सीएने चष्मा वर करून विचारलं, ‘काका, फ्लॅट माफ करून घेऊ या का?’

आता जुन्या घराची किंमत आली. ती बाजारभावाने धरायची नव्हती. वर्षाच्या भाड्यातून १५ टक्के आणि घरपट्टी वजा करायची आणि उरेल त्याला साडेबाराने गुणायचं. ते घर भाड्याने घेणार कोण, वटवाघळं? तरी वर्षाला २४ हजार धरू आणि घरपट्टी किरकोळ म्हणून सोडून देऊ. १५ टक्के गेल्यावर २०,४०० उरतात आणि गुणाकार होतो २ लाख ५५ हजार. सोनं, गाडी आणि हे घर मिळून ३१ लाख ५५ हजार. फ्लॅटच माफ झाला, तेव्हा त्याचं कर्ज वजा करता येत नाही. तेवढा कायदा सावध होता. तरीही कर किती? १,५५० रुपये. काकांची संपत्ती एका पैशाने बदलली नाही, फक्त माफीचं घर बदललं. वर दागिने ५ लाखांच्या पुढे, म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला लागायचा. त्याची फी करापेक्षा जड.

जमिनीचीही गंमतच. करपात्र होती ती शहरी जमीन. शहरी म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीतली आणि तिच्या भोवतीच्या ठरावीक किलोमीटरांतली. लोटे ग्रामपंचायतीत, खेड आणि चिपळूण दोन्ही लांब. त्यामुळे महामार्गावरची, ढाब्यांनी आणि गोदामांनी वेढलेली जमीन कायद्याच्या नजरेत शुद्ध खेडेगावची!

अखेर २८ फेब्रुवारी २०१५ ला अरुण जेटलींनी अर्थसंकल्पात हा कर रद्द केला. २०१३-१४ साली देशभरातून वसुली होती १,००८ कोटी. वसुलीचा खटाटोप मोठा, हाती लागतं थोडं, हे कारण कोणालाही पटण्यासारखं होतं. बदल्यात वर्षाला एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार आला. इथे मेख आहे. अधिभार उत्पन्नावर, आणि खरा धनाढ्य उत्पन्न दाखवतो कुठे? त्याचे शेअर वाढत राहतात, तो विकत नाही, लाभांश बेताचा घेतो. संपत्ती डोंगराएवढी आणि उत्पन्न पगारदाराएवढं. संपत्ती कराच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि त्याला अजून कोणी नीट उत्तर दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली भारतासाठी सुचवलं, की १० कोटींच्या वरच्या निव्वळ संपत्तीवर वर्षाला दोन टक्के घ्या. देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे ४० टक्के संपत्ती आहे, असा त्यांचा हिशेब. या वेळी शेअर आणि कारखाने सुटणार नाहीत. चांगलं आहे. मग लोट्यातला एक मधला कारखानदार घेऊ. त्याची कंपनी शेअर बाजारात नाही. तिची किंमत २० कोटी कोणी म्हटलं? मूल्यांककाने. दुसरा मूल्यांकक १२ म्हणेल आणि दोघांकडेही शिक्का असेल. २० धरले तर कर २० लाख. पण मंदीच्या वर्षी नफा शून्य, भूखंड एमआयडीसीचा भाडेपट्ट्यावरचा, रिअॅक्टरचा दोन टक्के तुकडा कापून आयकर भवनात नेता येत नाही. पैसे कंपनीतून काढायचे तर लाभांशावर आधी आयकर, म्हणजे २० लाख भरायला ३० लाखांच्या आसपास काढावे लागणार. त्याची बोंब खोटी नाही. त्याच्या आडून शेकडो कोटींचे धनीही तीच बोंब मारतात, ती मात्र शुद्ध नाटकी.

युरोपने हे सगळं करून पाहिलं. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात १९९० साली १२ देशांत असा कर होता, २०१७ ला चारच उरले. नॉर्वेने २०२२ साली दर वाढवला तेव्हा काही धनिकांनी स्वित्झर्लंड गाठलं. मजा म्हणजे स्वित्झर्लंडमध्येही संपत्ती कर आहेच, फक्त तिथे बाकीचं सोयीचं आहे.

आणखी एक शंका. निव्वळ म्हणजे कर्ज वजा जाता. बँकेचं देणं वजा होईल. कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीत मासे मरून वर आल्याच्या तक्रारी या भागाला नव्या नाहीत. त्या नुकसानीचं देणं कोणाच्या ताळेबंदात धरायचं? कोळ्यांकडे त्याची पावती नाही, तेव्हा निव्वळ संपत्ती निव्वळच राहील.

कर गेल्यावर सरकारने एक गोष्ट मात्र सोडली नाही. उत्पन्न मोठं असेल तर आयकर विवरणात जमीन, घरं, दागिने, गाड्या आणि देणी यांची यादी भरावी लागते. कर नाही, यादी आहे. उद्या कोणाच्या मनात आलंच तर नावं तयार.

काकांना मी हे समजावून सांगितलं आणि महामार्गालगतच्या त्यांच्या जमिनीला गुंठ्याला काय भाव धरायचा ते विचारलं. काका म्हणाले, ‘विचारतोय कोण? भूसंपादनवाला, की करवाला?’