चिटणिसांचे पत्र आणि सभासदांचा अंगठा

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे मानद चिटणीस हे महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ असून, 'उपरोक्त विषयास अनुसरून' या शब्दांचा नैवेद्य दाखविल्यावाचून कोणताही कागद दप्तराबाहेर पाठवू नये, हा संस्कार त्यांच्या लेखणीवर अद्याप कायम आहे. लेखणीच्या जागी ईमेल रुजू झाली. संस्काराच्या बदलीचा हुकूम मात्र कोणी काढला नाही.

गतवर्षी सभागृह गणेशोत्सवाच्या सामानाने व्यापल्यामुळे वार्षिक सर्वसाधारण सभा गच्चीवर भरविण्याचे ठरले, आणि चिटणिसांनी तसे रीतसर कळविलेही. पत्राचा विषय होता 'महत्त्वाची सूचना'. आता फोनवर न उघडलेल्या पत्राचे जे दर्शन घडते, ते पाठविणाऱ्याचे नाव, विषयाचे मोजके शब्द आणि मजकुराची पहिली एखादी ओळ एवढेच असते. आणि त्या मोलाच्या ओळीत आमच्या चिटणिसांनी 'सर्व सन्माननीय सभासद बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' एवढे लिहून ठेवले होते. तारीख दुसऱ्या परिच्छेदात, वेळ तिसऱ्यात, आणि गच्चीचा उल्लेख मागील सभेच्या वृत्तांताखाली, आभारप्रदर्शनाच्या किंचित अलीकडे. परिणामी निम्मे सभासद गच्चीवर ऊन खात बसले, निम्मे सभागृहाच्या कुलपाकडे पाहत उभे राहिले, आणि गणपूर्ती दोन्हीकडे झाली नाही.

यंदाच्या सूचनेपूर्वी दुसऱ्या मजल्यावरील एका तरुण सभासद बाईंनी चिटणिसांना गाठले.

"काका, तुमची पत्रं मी लिफ्टमध्ये वाचते. एका हातात भाजीची पिशवी असते. दुसरा मजला येईपर्यंत जेवढं दिसेल तेवढंच माझ्यापर्यंत पोचतं."

"आणि सौजन्याचं काय, बाई?"

"ते सभेत, चहाच्या वेळी."

चिटणीस वरमले नाहीत, पण कामाला लागले. प्रथम त्यांनी, नवशिक्याच्या सढळ हाताने, दिनांक, वार, वेळ, स्थळ, विषयपत्रिका, थकबाकीची ताकीद आणि स्वतःचे पदनाम असे सर्वच ठळक व तांबड्या अक्षरांत छापले. बाईंनी फोन पुढे केला, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर ते गर्द तांबडे अक्षर कोळशाच्या खाणीत हरवल्यासारखे दिसत होते. शिवाय सर्वच मानकरी झाल्यावर पालखीपुढे चालायचे कोणी, हा प्रश्न उरलाच.

या प्रश्नाचे बाईंनी दिलेले उत्तर मला मार्मिक वाटले. ठळक करावयाचा तपशील सर्वांत प्रतिष्ठित नसावा, चुकण्याजोगा असावा. सभा रविवारी असते हे सर्वांस ठाऊक आहे, दहाची वेळ वर्षानुवर्षे तीच आहे. सवयीने पाय जिथे चुकीचे वळतील ते यंदाही स्थळच होते, म्हणून ठळकपणाचा मान गच्चीचा. पुढच्या वर्षी सभागृह मोकळे असून वेळ बदलली, तर तो मान वेळेकडे जाईल. मात्र फोनवर वरच्या वर झळकणाऱ्या सूचनेत अक्षराचा ठळकपणा बहुधा गळून पडतो, म्हणून तोच तपशील विषयाच्या ओळीतही, आणि आरंभीच्याच शब्दांत, असावयास हवा. अखेर जे पत्र रवाना झाले ते असे:

विषय: सभा गच्चीवर – रवि. 20 सप्टें., सकाळी 10

सभा गच्चीवर आहे, सभागृहात नाही.
रविवार, 20 सप्टेंबर, सकाळी 10 वाजता.
विषयपत्रिका व रीतसर नोटीस सोबत जोडली आहे.

नोटीस जोडपत्रात जाताच चिटणिसांच्या जिवाला शांती लाभली, कारण चौदा दिवस आधी सभासदांस द्यावयाच्या त्या दस्तऐवजात 'उपरोक्त' व 'सबब' यांना यथेच्छ संचार करता आला. वार आणि तारीख एकत्र लिहिण्याचेही कारण आहे: एकात चूक झाली तर दुसरे तिची चुगली करते. 'उद्या' हा शब्द मात्र बाईंनी सक्त मना केला, कारण रात्री साडेअकराला लिहिलेले 'उद्या' वाचणारा सकाळी उठून वाचतो, आणि मग सोमवारी येतो.

सभेच्या आदल्या दिवशी पावसाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा चिटणीस जुन्याच पत्राला उत्तर म्हणून 'गच्ची रद्द' असे टंकू लागले. बाईंनी हात धरला. विषय तोच राहिला, तर उत्तर अनेकांच्या फोनमध्ये जुन्या पत्राच्याच गठ्ठ्यात जाऊन बसते, आणि यादीत वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पूर्वीचीच गच्ची उभी राहते. म्हणून 'बदल: सभा वाहनतळात – रवि. सकाळी 10' असे नवे पत्र, नव्या विषयाने, गेले.

सभा वाहनतळात भरली, गणपूर्ती दहा वाजून दहा मिनिटांनी झाली, आणि पत्राच्या अखेरीस 'आपला विश्वासू' नसल्याबद्दल तळमजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांनी नोंदविलेला निषेध इतिवृत्तात दाखल करून घेण्यात आला.